लशीची नोंदवही : दोन आकड्यांमधली रात्र

प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी ठेवण्यासाठी वरून उघडणारी, कपड्यांच्या पेटीसारखी दिसणारी एक शीतपेटी असते. कर्मचारी तिला ‘आयएलआर’ म्हणतात. तिच्या भिंतींच्या आत बर्फाचे अस्तर असते. वीज असते तेव्हा हे अस्तर गोठते आणि वीज गेली की तेच आतला गारवा टिकवून धरते. पेटीच्या शेजारी दोरीला बांधलेली एक नोंदवही असते. रोज सकाळी आणि संध्याकाळी आतल्या तापमापकावरचा आकडा त्यात लिहायचा, सही करायची, वीज किती वेळ गेली होती तेही लिहायचे. रविवार असो, दिवाळी असो, यात खंड पडता कामा नये. वैद्यकीय अधिकारी ती वही ठरावीक दिवसांनी तपासतो आणि खाली सही करतो.

ही तपासणी बहुतेक वेळा कशी होते, हे सरकारी नोकरीतल्या कोणालाही ठाऊक आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, हा नियम. रकान्यावरून बोट फिरवायचे, कुठे १ किंवा ९ दिसतो का पाहायचे, नाही दिसला की सही. पण वहीतले सगळे आकडे २ ते ८ मध्ये आहेत म्हणजे लसही तेवढ्यातच राहिली, असा अर्थ निघत नाही. आकडे प्रामाणिकपणे लिहिलेले असले तरीही नाही. तो का निघत नाही आणि मग लस सुरक्षित राहिली हे ठरवायचे कसे, ते आज पाहू.

उष्णतेचा हिशेब वेगळा, थंडीचा वेगळा

लस म्हटली की आपल्याला काळजी वाटते ती उन्हाची. लाइट गेले, फ्रिज बंद पडला, लस ‘खराब’ झाली असेल, असे आपण म्हणतो. ही काळजी खोटी नाही. पण उष्णतेने होणारे नुकसान हळूहळू साठत जाते. तासभर १२ अंश झाले म्हणून लस लगेच निकामी होत नाही. आज थोडी, उद्या थोडी अशी तिची ताकद खर्च होत जाते आणि एका टप्प्यानंतर ती वापरण्याजोगी राहत नाही.

हा खर्च मोजायची सोय कुपीवरच केलेली असते. सरकारी लसीकरणातल्या लशींच्या कुपीवर एक लहान गोल असतो आणि त्याच्या आत एक चौकोन. याला ‘व्हीव्हीएम’ म्हणतात. सुरुवातीला चौकोन पांढरट आणि भोवतालचा गोल जांभळा असतो. कुपीला जितकी उष्णता लागेल तितका चौकोन गडद होत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. प्रत्येक लशीची सहनशक्ती वेगळी असते, म्हणून ही खूणही वेगवेगळ्या वेगाने बदलणारी बनवतात. तोंडाने देण्याच्या पोलिओ लशीवरची खूण ३७ अंशांत साधारण २ दिवसांत शेवटच्या टप्प्याला पोहोचते. हिपॅटायटिस बी लशीवरची खूण तेवढ्याच उष्णतेत सुमारे ३० दिवस घेते. म्हणजे बऱ्याच लशी आपण समजतो त्यापेक्षा उष्णता अधिक सोसतात, आणि सोसली नाही तर कुपी स्वतःच तसे सांगते.

थंडीचे तसे नाही. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, धनुर्वात-घटसर्पाची टीडी, न्यूमोकोकल या लशींमध्ये मुख्य घटक अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेला असतो. या कणांमुळेच शरीर लशीची नीट दखल घेते. लस गोठली की बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर दाबतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळला तरी गुठळ्या सुटत नाहीत. फाटलेले दूध जसे पुन्हा दूध होत नाही, तसेच हे आहे. अशी लस दिली तर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होईल याचा भरवसा राहत नाही. हे नुकसान हळूहळू होत नाही, एकदाच आणि कायमचे होते. आणि कुपीवरचा तो चौकोन थंडीची कसलीही नोंद ठेवत नाही. उलट थंडीत तो अगदी पांढरा राहतो. गोठून निकामी झालेली कुपी बाहेरून सर्वांत ‘ताजी’ दिसते.

हे फार क्वचित घडते असेही नाही. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात लशीच्या साठवणीच्या आणि वाहतुकीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर १४ ते ३५ टक्के शीतपेट्या किंवा खेपा गोठण्याच्या तापमानाला गेल्याचे दिसले. लशीला उन्हापासून वाचवण्याच्या घाईत आपण तिला बर्फाच्या फार जवळ नेऊन ठेवतो, हे त्याचे मोठे कारण आहे.

एका आठवड्याची वही

आता एका केंद्राची गोष्ट पाहू. केंद्र डोंगराच्या पायथ्याचे, महिना जानेवारीचा. केंद्राचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण असे कुठेही घडू शकते. तिथले औषध निर्माण अधिकारी वक्तशीर होते. सकाळी ९ आणि संध्याकाळी ५ या वेळा त्यांनी कधी चुकवल्या नव्हत्या. सोमवारची नोंद सकाळी ४, संध्याकाळी ५. मंगळवारची ४ आणि ५. बुधवारची ३ आणि ४. गुरुवारची ३ आणि ४. शुक्रवारी सकाळी २. यातला एकही आकडा नियमाबाहेरचा नाही.

पण बोट रकान्यावरून फिरवण्याऐवजी सकाळचे आकडे तेवढे वेगळे वाचून पाहा : ४, ४, ३, ३, २. ते एकाच दिशेने उतरत आहेत. संध्याकाळचेही एका अंशाने उतरले आहेत. सुस्थितीतल्या शीतपेटीचे आकडे थोडे वर-खाली होतात, पण आठवडाभर एकाच बाजूला सरकत नाहीत. शिवाय सकाळी ९ हा काही दिवसातला सर्वांत थंड क्षण नव्हे. तोवर ऊन वर आलेले असते, केंद्राचे दरवाजे उघडलेले असतात, लशी काढण्यासाठी पेटीचे झाकणही एकदोनदा वर झालेले असते. ९ वाजता २ अंश असतील, तर पहाटे ५ ला किती असतील? वहीत याचे उत्तर नाही. संध्याकाळी ५ ते सकाळी ९ हे १६ तास वहीच्या दृष्टीने कोरेच असतात.

याचे उत्तर पेटीतल्या दुसऱ्या एका वस्तूत होते. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र लशींच्या मध्ये ठेवलेले असते. ते दर काही मिनिटांनी तापमान टिपते आणि मागच्या ३० दिवसांचा हिशेब जवळ ठेवते. त्याला ‘डेटा लॉगर’ म्हणतात. बटण दाबत गेले की प्रत्येक दिवसाचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान पडद्यावर दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या अशा यंत्रांत धोक्याच्या दोन सीमा आधीच बसवलेल्या असतात. तापमान सलग १० तास ८ अंशांच्या वर राहिले, तर उष्णतेचा इशारा. सलग ६० मिनिटे उणे ०.५ अंश किंवा त्याखाली राहिले, तर गोठण्याचा इशारा.

या दोन सीमांमधला फरक नीट पाहावा. उष्णतेला १० तासांची मुभा आहे आणि थंडीला फक्त १ तासाची, कारण वर सांगितल्याप्रमाणे एकीचे नुकसान साठत जाते आणि दुसरीचे एकदाच होते. ०.५ हा आकडाही असाच आलेला नाही. हिपॅटायटिस बी लस साधारण उणे ०.५ अंशाला गोठते. आणि एक तास थांबायचे ते यासाठी, की यंत्र पेटीतल्या हवेचे तापमान मोजते. हवा चटकन गार होते, पण कुपीतल्या द्रवाला तिच्या मागोमाग जायला वेळ लागतो. दोनचार मिनिटांच्या झुळकीने लस गोठत नाही.

त्या केंद्रातल्या यंत्राने काय दाखवले? सोमवारच्या रात्रीचे सर्वांत कमी तापमान १.१ अंश. मंगळवारच्या रात्री ०.४. बुधवारच्या रात्री उणे ०.३. आणि गुरुवारच्या रात्री उणे १.३, गोठण्याच्या इशाऱ्यासह. पहाटे ३ वाजून ४० मिनिटांपासून ५ वाजून ५० मिनिटांपर्यंत, म्हणजे २ तास १० मिनिटे, तापमान सीमेखाली होते. नंतर ते वर आले आणि ९ वाजता तापमापकाने २ दाखवले. ते वहीत बिनचूक लिहिले गेले. वही खरी होती, तापमापक बरोबर होता, आणि तरीही लस गोठण्याच्या तापमानात जाऊन परत आली होती.

कारणही नंतर सापडले. पेटी जुन्या बनावटीची, थंडावा कमी-जास्त करण्याची खुंटी असलेली. मे महिन्यात आतले तापमान ८ ला टेकू लागले, तेव्हा कोणीतरी ती खुंटी जास्त थंडाव्याकडे फिरवली होती. पाऊस गेला, हिवाळा आला, खुंटी तिथेच राहिली. बाहेरची हवाही गार झाल्यावर पेटी गरजेपेक्षा जास्त थंड होऊ लागली. नव्या पेट्यांमध्ये लस गोठू न देण्याची व्यवस्था बनावटीतच केलेली असते आणि खुंटीला हात लावायची गरज उरत नाही. पण जुन्या पेट्या एका दिवसात बदलत नाहीत.

सापडल्यावर करायचे काय

इशारा दिसला की पहिले काम एकच : त्या पेटीतली लस वापरणे थांबवायचे. टाकून द्यायचे नाही. पिशवीत भरून ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावायची, दुसऱ्या नीट चालणाऱ्या पेटीत २ ते ८ अंशांत ठेवायची आणि जिल्ह्याच्या लस भांडाराला कळवायचे. चुकून चांगली लस फेकणे हेही नुकसानच. ती पुन्हा येईपर्यंत एक लसीकरण सत्र बुडू शकते.

मग साठ्याची वर्गवारी करायची. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लशी कोरड्या भुकटीच्या रूपात असतात. गोठल्याने त्यांचे काही बिघडत नाही, त्यांचे वैर उष्णतेशी. तोंडाने देण्याची पोलिओ लस तर मोठ्या भांडारात गोठवूनच ठेवतात. या बाजूला काढून परत ठेवता येतात. भुकटी विरघळवण्याचे द्रावण मात्र तपासावे लागते, कारण गोठले की काचेला तडा जाऊ शकतो. प्रश्न उरतो तो अ‍ॅल्युमिनियमयुक्त लशींचा आणि इंजेक्शनने देण्याच्या पोलिओ लशीचा.

अ‍ॅल्युमिनियमयुक्त लशींसाठी एक साधी, कसलेही यंत्र न लागणारी कसोटी आहे. तिला ‘शेक टेस्ट’ म्हणतात, म्हणजे हलवून पाहणे. हलवून पाहायचे एवढ्यावरून ती गमतीची वाटेल, पण सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीशी ताडून तिची विश्वासार्हता सिद्ध झालेली आहे. मात्र ती रीतसर करावी लागते.

संशयित कुपी ज्या कंपनीची आणि ज्या बॅचची, त्याच बॅचची आणखी एक कुपी घ्यायची आणि ती मुद्दाम गोठवायची. केंद्रात बर्फाच्या पिशव्या गोठवण्यासाठी डीप फ्रीजर असतोच. त्यात ती रात्रभर, निदान १० तास, पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवायची. तिच्यावर ‘गोठवलेली’ असे ठळक लिहायचे, नाहीतर हीच कुपी चुकून कोणाच्या तरी दंडात जायची. सकाळी ती बाहेर काढून आपोआप वितळू द्यायची. गरम पाण्यात धरायची नाही. पूर्ण वितळली की ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवायच्या आणि सपाट टेबलावर, उजेडात, शेजारी शेजारी ठेवायच्या. मग पाहत राहायचे, अर्ध्या तासापर्यंत.

गोठवलेल्या कुपीत गुठळ्या जड असल्याने भराभर तळाला बसतात. वरचे पाणी स्वच्छ होते आणि खाली पांढरा थर जमतो. संशयित कुपी मात्र दुधट, गढूळच राहिली आणि तिचा गाळ सावकाश बसला, तर ती गोठलेली नव्हती. ती वापरता येते. तिचाही गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला, तर ती गोठलेली होती. ती आणि तिच्यासोबत तिथेच ठेवलेला साठा बाद.

त्या केंद्रात कसोटी प्रत्येक लशीच्या प्रत्येक बॅचसाठी वेगळी केली गेली, आणि सर्वांत थंड जागेतली कुपी आधी घेतली. हिपॅटायटिस बीच्या कुपी तळाशी, भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. त्यांचा गाळ गोठवलेल्या कुपीबरोबरीने बसला. त्या सगळ्या बाद झाल्या. पेंटाव्हॅलंट वरच्या जाळीच्या टोपलीत, भिंतीपासून दूर होती. ती अर्ध्या तासानंतरही गढूळच होती, म्हणून वाचली. टीडीही टोपलीत होती, तीही वाचली. एकाच पेटीत, एकाच रात्री, वीतभर अंतराने निकाल वेगळा लागला. गोठू नये अशी लस तळाशी ठेवू नका, टोपलीतच ठेवा, असे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगतात, ते यासाठी.

इंजेक्शनच्या पोलिओ लशीत अ‍ॅल्युमिनियम नसते. ती गोठली तरी गाळ बसत नाही, म्हणून हलवून पाहण्याची कसोटी तिला लागू पडत नाही. तिच्याबाबतीत पुरावा म्हणजे यंत्राची नोंद आणि पेटीतली तिची जागा, एवढाच. तीही तळाशी होती. जिल्ह्याच्या सल्ल्याने ती बाद करण्यात आली. आणि कुपी पूर्ण गोठून कडक झालेली हातात आली, तर कुठलीही कसोटी न करता ती टाकूनच द्यायची असते.

बाळाचे काय?

या सगळ्यात एक बाळ होते. शुक्रवारी पहाटे केंद्रात प्रसूती झाली होती आणि साडेआठला, वहीत नोंद होण्याच्या अर्धा तास आधी, बाळाला हिपॅटायटिस बीची जन्मतःची मात्रा दिली गेली होती. त्याच तळाच्या साठ्यातून.

ही मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते आणि त्याला कारण आहे. आईच्या रक्तात हा विषाणू असेल, तर तो प्रसूतीच्या वेळी बाळाकडे जाण्याची शक्यता असते. बाळपणी झालेला हा संसर्ग बहुतेक वेळा जन्मभर शरीरात राहतो आणि पुढे यकृत निकामी होण्याला किंवा यकृताच्या कर्करोगाला कारण ठरू शकतो. पहिल्या दिवसाची मात्रा ही साखळी तोडते. ती निकामी असेल, तर कार्डावर ‘लस दिली’ अशी नोंद राहते आणि बाळ मात्र उघडे राहते.

हलवून पाहण्याच्या कसोटीसाठी रात्रभर थांबावे लागते. बाळाला तेवढा वेळ नव्हता. म्हणून कसोटीचा निकाल येण्याआधीच शेजारच्या केंद्रातून, जिथल्या यंत्राच्या नोंदी स्वच्छ होत्या, लस मागवून दुपारी मात्रा पुन्हा दिली गेली. आईला कारण सांगितले. या लशीची एखादी मात्रा जास्त झाल्याने अपाय होत नाही. मात्रा वायाच गेली, तर अपाय होऊ शकतो. त्यामुळे अशा वेळी शंकेचा फायदा बाळाला द्यायचा असतो.

मंगळवारच्या सत्रात लस घेतलेल्या मुलांचे काय? इथे यंत्राची तारीख-वेळ कामाला आली. त्या रात्रीपर्यंत तापमान २ च्या खाली गेले होते, पण गोठण्याच्या सीमेखाली नाही. १.१ किंवा ०.४ अंश हा नियमभंग आहे, सावध करणारा इशारा आहे, पण त्याने लस गोठत नाही. त्या मुलांना पुन्हा बोलावण्याची गरज नव्हती. केवळ वहीवर अवलंबून राहिले असते, तर यातला एकही निर्णय खात्रीने घेता आला नसता. पेटी अशीच चालत राहिली असती आणि पुढच्या कित्येक सत्रांची मुले गोठलेल्या लशीवर विसंबली असती.

फार सुंदर वही

वरची वही प्रामाणिक होती. काही नसतातही. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४, ४, ४, ४ असे आकडे, एकच शाई, एकच हस्ताक्षर, सगळ्या वेळा ठोक ९ आणि ५, अशी वही पाहिली की थांबावे. लगेच आरोपही करू नये, कारण चांगली पेटी स्थिर वातावरणात खरोखरच बरेच दिवस ४ दाखवू शकते आणि काचेच्या तापमापकावर अर्धा अंश वाचता येत नाही. म्हणून वही दुसऱ्या कागदांशी ताडून पाहायची.

हजेरीपटावर त्या रविवारी कर्मचारी रजेवर आहे, पण वहीत त्याचीच सही आहे. गावात वादळाने दिवसभर वीज नव्हती हे सगळ्यांना माहीत आहे, पण वीज खंडित होण्याचा रकाना कोरा आहे. पेटीत साचलेला बर्फ काढून टाकण्यासाठी ती रिकामी केल्याची नोंद आहे, तरी त्या दिवशीही ४ अंशच आहेत. जिल्ह्याहून मोठा साठा येऊन पेटी भरली, झाकण अर्धा तास उघडे राहिले, तरी तापमान हलले नाही. असे एकदोन मेळ बसेनासे झाले की ती वही पुरावा म्हणून धरता येत नाही आणि यंत्राच्या नोंदीवरच जावे लागते. खऱ्या वहीत थोडी अस्वस्थता असते. कुठे ६, कुठे ३, एखादा दिवस ७ आणि समोर ‘वीज ५ तास बंद’ असे लिहिलेले. असा ७ पाहून रागावणारा अधिकारी पुढच्या महिन्यात सगळीकडे ४ मिळवतो, हेही तितकेच खरे.

यंत्रालाही मर्यादा आहेत. ते भिंतीला चिकटून राहिले तर गरज नसताना इशारा देते, झाकणाजवळ राहिले तर तळाची थंडी त्याला कळत नाही. त्याचे घड्याळ चुकलेले असेल, तर बिघाड कोणत्या सत्राच्या आधीचा आणि कोणत्या नंतरचा हे ठरत नाही. ३० दिवसांनंतर जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून त्या वेळेत वाचून उतरवून ठेवाव्या लागतात. काचेचा तापमापकही अधूनमधून पारखावा लागतो. कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी एकत्र करून त्यात तो धरला की काही मिनिटांत शून्याजवळ यायला हवा. तो २ दाखवत असेल, तर वहीतला प्रत्येक २ म्हणजे प्रत्यक्षात शून्य.

२०१५ पासून देशात ‘ई-विन’ ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. तिच्यात शीतपेटीतले तापमान सिमकार्ड असलेल्या यंत्रातून आपोआप वर पाठवले जाते आणि सीमा ओलांडली की संबंधितांच्या मोबाइलवर संदेश येतो. रात्रीचे ते १६ तास आता बऱ्याच ठिकाणी कोरे राहत नाहीत. पण पहाटे साडेचारला आलेला संदेश कोणीतरी वाचावा लागतो, आणि वाचून पेटीपर्यंत जावे लागते. शिवाय लस पेटीतून निघून गावातल्या सत्रापर्यंत जाते त्या डब्यात असे यंत्र सहसा नसते. तिथे बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढल्या-काढल्या भरल्या, तर लस वाटेतच गोठू शकते. पिशवी कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचे, मगच ती डब्यात भरायची, हा तिथला नियम आहे. तो पाळला गेला की नाही, हे कुठल्याच वहीत दिसत नाही.

आपल्या घराजवळ

खासगी दवाखान्यात लस घेताना हे सगळे विचारता येणार नाही, पण दोन गोष्टी सहज विचारता येतात. लशीच्या फ्रिजमध्ये तापमापक आहे का, आणि त्याची नोंद ठेवता का? काही लहान दवाखान्यांत घरगुती फ्रिज वापरतात. त्याच्या बर्फकप्प्याखाली लस गोठू शकते, आणि दारातल्या कप्प्यात ती प्रत्येक उघड-झाकीला तापते. मधल्या फळीवर, भिंतीपासून सुटी ठेवलेली लस त्यातल्या त्यात बरी. कुपीवर व्हीव्हीएम असेल तर ती दाखवा म्हणावे. मात्र ती फक्त उष्णतेचे सांगते, हे लक्षात असू द्यावे.

घरातल्या इन्सुलिनलाही हाच नियम लागू आहे. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवतात, पण बर्फकप्प्यात किंवा मागच्या थंड भिंतीला टेकवून नाही. ‘जास्त टिकावे’ म्हणून ते फ्रीजरमध्ये ठेवणारे रुग्ण मला आजही भेटतात. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसले, तरी वापरायचे नाही. साखर अचानक आवरेनाशी झाली आणि जेवणात, औषधात काही बदल नसेल, तर डॉक्टरांना भेटताना इन्सुलिन घरात कुठे ठेवता तेही सांगा.